ट्रस्टच्या शिष्यवृत्तीची जाहिरात : मसुदा वाचून खोट काढा

सुमेधा_ज
आमचा एक छोटा धर्मादाय ट्रस्ट आहे. यंदा पदवीच्या कोणत्याही वर्षाला असलेल्या 25 विद्यार्थ्यांना प्रत्येकी 20,000 रुपये द्यायचे ठरलंय. पोस्टरसोबत व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवर जो मजकूर जाईल तो लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी लिहिलंय ते असं :

"गरजू व हुशार विद्यार्थ्यांसाठी सुवर्णसंधी! पात्रता : किमान 65 टक्के गुण, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा कमी. कागदपत्रे : गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, आधार कार्ड, पासबुक, फोटो. शेवटची तारीख 31 जुलै. अपूर्ण अर्ज बाद केले जातील. निवडीबाबत समितीचा निर्णय अंतिम राहील."

विश्वस्तांना आवडलंय. मलाच कुठेतरी खटकतंय, पण नेमकं काय ते सांगता येत नाही.

राजेश_आप्पा
ताई, माझ्या मुलीला बारावीला 71 टक्के आहेत. फॉर्म कुठे मिळेल? लिंक द्या.

सुमेधा_ज
आप्पा, अजून जाहीर झालेली नाही हो, हा नुसता मसुदा आहे. झाली की सांगते.

कडू_कारले
घ्या, पहिली खोट आप्पांनीच दाखवली. अर्ज कुठे आणि कसा करायचा हे तुमच्या मजकुरात नाहीच. आणि 31 जुलै कुठल्या वर्षाचा? हे चित्र फॉरवर्ड होत राहणार. पुढच्या जून-जुलैत कुणीतरी "गरजूंपर्यंत पोचवा" म्हणून पुन्हा पाठवेल आणि तुमचा फोन दिवसभर वाजेल. वर्ष घाला. ट्रस्टचं पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक घाला. अर्जाला कोणतंही शुल्क नाही हेही घाला, कारण शिष्यवृत्तीच्या नावाखाली "प्रोसेसिंग फी" उकळणारे याच दिवसांत फिरत असतात. आणि हे सगळं चित्रावरच छापा, खालच्या मजकुरात नको. फॉरवर्ड करताना मजकूर गळतो, चित्र तेवढं पुढे जातं.

पडताळणीवाला
कारले यांच्याशी सहमत. मी बरीच वर्षं अशाच एका ट्रस्टकडे आलेले अर्ज तपासतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या मजकुरातली सगळ्यात महाग पडणारी ओळ "अपूर्ण अर्ज बाद" ही आहे, आणि तिचा संबंध थेट तारखेशी आहे. 31 जुलैला कोणाकडे काय असतं ते बघा. इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरेच्या प्रवेशफेऱ्या तेव्हा संपलेल्या नसतात, ऑगस्टमध्येही चालू असतात. म्हणजे पहिल्या वर्षाला जाणाऱ्या मुलाकडे कॉलेजच नाही, तर बोनाफाईड आणणार कुठून? दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांचा मागच्या सत्राचा निकाल कित्येक विद्यापीठांत तोवर लागलेला नसतो. उत्पन्नाच्या दाखल्याला अर्ज केल्यापासून नियमाप्रमाणे 15 दिवस, पण जून-जुलैत सेतू केंद्रावर सगळा जिल्हा लोटलेला असतो. मग वेळेत पूर्ण अर्ज कोणाचा येतो? ज्याच्या घरात कागद सांभाळणारं माणूस आहे आणि ज्याला घराजवळच्या साध्या कॉलेजात आधीच प्रवेश मिळालाय त्याचा. तुम्हाला हवा असलेला मुलगा पहिल्याच चाळणीत गळून जातो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही, कारण बाद अर्ज परत कोणी उघडून बघत नाही.

तेव्हा तारखा दोन द्या. 31 जुलै 2026, सायंकाळी 6 पर्यंत अर्ज आमच्याकडे पोचलेला हवा. त्यासोबत जे कागद आज हातात आहेत तेवढे. दाखल्याच्या जागी दाखल्यासाठी केलेल्या अर्जाची पावती चालेल. मग छाननीत जे कमी निघेल ते आम्ही कळवू आणि 31 ऑगस्टपर्यंत पुरवायची एकच संधी देऊ. "पोचलेला हवा" हे शब्द जसेच्या तसे ठेवा, नाहीतर पोस्टाचा शिक्का 31 तारखेचा आणि पाकीट 4 ऑगस्टला दारात, यावर वाद होतोच.

सुमेधा_ज
दोन तारखा म्हणजे आमचं काम दुप्पट. आम्ही चार-पाच जणच आहोत आणि सगळे नोकऱ्या सांभाळून करतो.

पडताळणीवाला
दुप्पट होत नाही. सगळ्यांचे कागद पहिल्या दिवशी मागूच नका. पहिल्या तारखेला फक्त अर्ज, शेवटची गुणपत्रिका आणि दाखला किंवा त्याची पावती. त्यावरून साठेक जणांची यादी काढा आणि बोनाफाईड, फीची पावती, पासबुक हे फक्त त्यांच्याकडून मागा. ज्यांना मिळणारच नाही अशा दोनशे मुलांच्या पासबुकांच्या झेरॉक्स तुमच्या कपाटात कशाला हव्यात?

गणिती
65 टक्क्यांबद्दल. हल्ली सगळीकडे सीजीपीए असतो. त्याला 9.5 ने गुणायचं की टक्के मिळतात. तेवढं जाहिरातीत टाका, प्रश्न मिटला.

पडताळणीवाला
9.5 चं सूत्र खरं आहे, पण ते सीबीएसईने दहावीच्या ग्रेडसाठी दिलेलं होतं, तेही दहावीला सीजीपीए असायचा त्या काळात. विद्यापीठाच्या सीजीपीएला ते लावायचं काही कारण नाही. विद्यापीठांची सूत्रं वेगवेगळी आहेत आणि बहुधा गुणपत्रिकेच्या मागे छापलेली असतात. एआयसीटीईच्या तक्त्यात सीजीपीएमधून 0.75 वजा करून 10 ने गुणतात.

आता एक मुलगी धरा, तिचा सीजीपीए 7.2. तुमच्या सूत्राने 68.4 टक्के, म्हणजे पात्र. एआयसीटीईच्या हिशेबाने 64.5, म्हणजे अर्ध्या टक्क्याने बाहेर. मुलगी तीच आणि अभ्यासही तोच. समितीतल्या एकाने एक सूत्र लावलं आणि दुसऱ्याने दुसरं, तर दोन सारख्या मुलींपैकी एक आत जाते. जाहिरातीत लिहा : "सीजीपीए असल्यास आपल्या विद्यापीठाच्या सूत्रानुसार टक्केवारी द्यावी व सूत्र असलेल्या पानाची प्रत जोडावी, सूत्र नसल्यास 7.25 सीजीपीए म्हणजे 65 टक्के धरले जातील."

पहिल्या वर्षासाठी "बारावीचे गुण" असं स्पष्ट लिहा. काही मुलं दहावीची टक्केवारी पाठवतात, कारण ती जास्त असते. आणि आमच्या राज्य मंडळाची दहावीची टक्केवारी बेस्ट ऑफ फाइव्हवर निघते, तर सीबीएसई एकूण टक्केवारी स्वतः काढून देतच नाही. दोघांची तुलना करायला बसलात तर रात्र जाईल.

गणिती
ओके, दहावीचं डोक्यात बसलं होतं. पण मग 65 ची अट हवीच कशाला? नापास नसलेला कोणीही अर्ज करू शकेल असं ठेवा ना.

कडू_कारले
आणि सातशे अर्ज चार माणसांनी वाचायचे?

निशिगंध
मी माझं सांगते. आईवडील वेगळे राहतात, कोर्टात काही झालेलं नाही. मी आईकडे. ती शिवणकाम करते. "कुटुंबाचे उत्पन्न" म्हटलं की ट्रस्टवाले वडिलांचा दाखला मागतात. वडील नोकरीला आहेत, पण आम्हाला एक रुपया देत नाहीत आणि कागद तर मुळीच देत नाहीत. मागच्या वर्षी एका ठिकाणी या एका कारणावरून माझा अर्ज परत आला. कोणाला फोन करून सांगायचं हेही जाहिरातीत नव्हतं.

शुभदा_क
निशिगंध, हे फार जणींचं आहे गं. विधवा आईसाठी मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेसाठी कोर्टाचा आदेश असतो, पण नुसतं सोडून दिलेल्या बाईसाठी कुठलाच कागद नसतो.

पडताळणीवाला
आमच्याकडे "विद्यार्थी ज्यांच्या मिळकतीवर अवलंबून आहे त्यांचे एकत्रित उत्पन्न" अशी व्याख्या आहे. निशिगंधसारख्या अर्जात आम्ही आईच्या नावाचा दाखला आणि तिचं साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र घेतो, आणि एकजण घरी जाऊन येतो. तरी हे पूर्ण सुटलेलं नाही हे मान्य. एका वर्षी अशा घोषणापत्रांपैकी एक खोटं निघालं होतं. मग समितीतले काही म्हणाले, कोर्टाचा कागद सक्तीचा करा. मी विरोध केला. पण त्यांचं म्हणणं अगदीच निराधार होतं असंही नाही.

दाखल्याबद्दल दोन गोष्टी. एक, कोणत्या वर्षाचं उत्पन्न ते लिहा : "आर्थिक वर्ष 2025-26 चे उत्पन्न दर्शवणारा तहसीलदारांचा दाखला". दाखल्यावर वैधतेची तारीख छापलेली असते, ती बघायची. दिल्याची तारीख बघून फसगत होते. 31 मार्च 2026 ला मुदत संपलेले दाखले जुलैत ढिगाने येतात.

दुसरी गोष्ट जास्त अडचणीची. नोकरदाराचं उत्पन्न फॉर्म 16 वरून निघतं, त्यात रुपयाही लपत नाही. शेती, मजुरी, छोटा धंदा करणाऱ्याचा आकडा तलाठ्याचा अहवाल आणि स्वतःची घोषणा यांवर ठरतो. त्यामुळे कंपनीत वॉचमन असलेल्या बापाचे 2,58,000 दिसतात आणि मुलगा अपात्र होतो, तर ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे त्याचे 90,000 दिसतात. मर्यादेच्या अगदी खाली येऊन थांबलेले आकडे आम्हाला दरवर्षी भरपूर दिसतात. म्हणून दाखला हा दरवाजा समजा, मोजपट्टी म्हणून वापरू नका.

माळावरचा
शेतकऱ्याच्या दारात ट्रॅक्टर दिसला की तुम्हाला तो श्रीमंत वाटतो. त्याचं कर्ज कोण बघतं? आमच्या दारात पण उभा आहे, हप्ते थकलेत. घरभेटीला येणाऱ्यांनी हे विचारावं.

पडताळणीवाला
बरोबर आहे तुमचं. उदाहरण घाईत दिलं गेलं. घरभेटीच्या आमच्या कागदावर कर्ज आणि हप्ता यांचा रकाना आहे, पण तो भरणारा विचारेलच असं नाही.

शुभदा_क
निवडीबद्दल कोणी बोललंच नाही. "समितीचा निर्णय अंतिम" एवढंच लिहिलं की लोक समजतात, विश्वस्तांच्या ओळखीची पोरं आधीच ठरलेली आहेत. कशाला किती वजन ते लिहा ना.

पडताळणीवाला
आमची पद्धत सांगतो. बरोबरच आहे असा दावा नाही. 100 गुण. त्यात 50 आर्थिक गरजेला, 30 शैक्षणिक गुणांना, 20 घरच्या परिस्थितीला. एक लाखापर्यंत उत्पन्न असेल तर 50, दीड लाखापर्यंत 40, दोन लाखांपर्यंत 30, अडीच लाखांपर्यंत 20. शिक्षणात 60 टक्क्यांच्या वरच्या प्रत्येक टक्क्याला पाऊण गुण. परिस्थितीत पालक हयात नसणं, घरात दीर्घ आजार किंवा अपंगत्व, घरातली शिकणारी पहिली पिढी वगैरे, आणि हे गुण घरभेटीनंतरच पडतात.

दोन मुलं घ्या. पहिल्याच्या घरचं उत्पन्न 84,000, गुण 78 टक्के, परिस्थितीत विशेष काही नाही. त्याचे 50 अधिक साडेतेरा, एकूण 63.5. दुसरीचं उत्पन्न 2,10,000, गुण 91 टक्के, वडील गेलेले म्हणून परिस्थितीचे 15. तिचे 20 अधिक 23.25 अधिक 15, एकूण 58.25. पहिला पुढे.

शुभदा_क
पण 84,000 हा आकडा खरा असेल तर ना! तुम्हीच वर म्हणालात की दाखल्याची मोजपट्टी करू नका, आणि इथे त्यावर निम्मे गुण दिलेत. शिवाय 99,000 वाल्याला 50 आणि 1,01,000 वाल्याला 40. दोन हजार रुपयांसाठी 10 गुण. 91 टक्के मिळवणाऱ्या पोरीला तेवढी भर काढायला तेरा टक्के जास्त लागतील, म्हणजे 104!

पडताळणीवाला
पकडलंत. पायऱ्यांचा तो दोष आहेच. सलग उतरते गुण दिले तर कडा जातात, पण मग आकड्यावरचा विश्वास आणखी वाढवल्यासारखं होतं. आम्ही यंदा आर्थिक गरजेचे 50 तोडून 25 दाखल्याला आणि 25 घरभेटीला द्यायचं म्हणतोय. त्यात घरभेट करणाऱ्याची मर्जी शिरते. म्हणून भेटीला दोघे जातील, गुण वेगवेगळे देतील आणि पाचपेक्षा जास्त फरक पडला तर तिसरा जाईल. 25 जागांसाठी साठ घरं, दोघांच्या तीन जोड्या पाडल्या तर चार-पाच रविवारांत होतं.

कडू_कारले
आणि समितीतल्या कोणाच्या भाच्याचा अर्ज असेल तर?

पडताळणीवाला
तो सदस्य त्या वर्षी गुण देण्यातून पूर्ण बाहेर. "त्या एका अर्जापुरता बाहेर" चालत नाही, कारण इतरांना कमी गुण देऊनही भाचा वर येतो.

गणिती
समान गुण आले तर?

पडताळणीवाला
ज्याचं उत्पन्न कमी तो आधी, तेही सारखं असेल तर वरच्या वर्षातला. दुसरं काही चालेल, पण अर्ज उघडण्याआधी ठरलेलं हवं. आणि पाच जणांची प्रतीक्षा यादी ठेवा. दरवर्षी कोणी ना कोणी कॉलेज सोडतो किंवा त्याला दुसरीकडून मोठी मदत मिळते.

राजेश_आप्पा
माझ्या मुलीला महाडीबीटीवरून सरकारी शिष्यवृत्ती येते. मग ही चालेल का?

शुभदा_क
चांगला प्रश्न आहे आप्पा. सुमेधा, हेही लिहायला हवं.

पडताळणीवाला
याला दोन बाजू आहेत. ट्रस्टची अट काय ते ट्रस्टने लिहावं. आणि काही सरकारी योजनांच्या नियमांतच दुसरी शिष्यवृत्ती घेऊ नये असं असतं, तेव्हा मुलीने आपल्या योजनेचे नियम कॉलेजच्या शिष्यवृत्ती कारकुनाकडून बघून घ्यावेत. आम्ही "इतर शिष्यवृत्ती मिळत असल्यास रक्कम नमूद करावी" एवढंच मागतो, त्यावरून बाद करत नाही. सरसकट बंदी घातली की मुलं लपवतात, आणि ज्याने खरं लिहिलं तोच अडकतो.

बँकेबद्दल लगेच सांगतो. सरकारी पैशाला खातं आधारशी जोडलेलं लागतं, तुम्ही एनईएफटीने पाठवणार असाल तर ते लागत नाही. पण एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळतंय का हे बघून जमा होतील या भरवशावर राहू नका. अर्जात हाताने लिहिलेल्या क्रमांकावरून कधीच पाठवू नका, पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला चेक मागा. विलीन झालेल्या बँकांच्या जुन्या पासबुकांवर जुना आयएफएससी असतो, तो तपासा. खातं विद्यार्थ्याच्याच नावाचं हवं.

आधारची मास्क्ड प्रत घ्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. ओळख पटवायला तेवढं पुरतं, आणि आधार नसेल तर दुसरं ओळखपत्र चालेल असं लिहा.

सुमेधा_ज
सगळ्यांचे आभार. काल विश्वस्तांशी बोलले. दोन तारखा, सीजीपीएची ओळ, वर्ष, नोंदणी क्रमांक, फोन, शुल्क नाही, इतर शिष्यवृत्तीची रक्कम, हे सगळं मान्य झालं. कुटुंबाची व्याख्याही तुम्ही दिलीत तशी. मजकूर लांब झाला म्हणून चित्रावर पात्रता, दोन्ही तारखा आणि फोन, बाकी सगळं अर्जासोबतच्या पानावर.

गुणांचं कोष्टक जाहीर करायला मात्र ते तयार नाहीत. "मग प्रत्येकजण येऊन माझे किती विचारेल" असं म्हणतात. शेवटी इतकंच ठरलं की गरज, गुण आणि परिस्थिती या क्रमाने वजन दिलं जाईल आणि अंतिम निवड घरभेटीनंतर होईल, असं लिहायचं.

कडू_कारले
विचारू देत की! ज्याला नाही मिळाली त्याला त्याचे गुण सांगायला काय हरकत आहे?

पडताळणीवाला
त्याला त्याचे सांगायला हरकत नाही, आम्ही मागितले तर सांगतो. सगळ्यांची यादी उत्पन्नासकट फेसबुकवर टाकणारे ट्रस्ट मी पाहिलेत, ते करू नका. निवड झालेल्यांचे अर्ज क्रमांक टाका. चेक देतानाचा फोटोही पोराला विचारूनच. देणगीदारांना फोटो हवा असतो हे माहीत आहे, त्यावर आमच्याकडेही दर वर्षी भांडण होतं.

माळावरचा
देणगी देणाऱ्याला आपला पैसा कुठे गेला हे दिसायला नको का? फोटोत लाज कसली?

शुभदा_क
ती लाज कोणाची ते त्या पोराला विचारा ना, आपण कशाला ठरवायचं?

निशिगंध
सुमेधाताई, मी यंदा तिसऱ्या वर्षाला आहे. आईच्या दाखल्याचा अर्ज कालच केलाय, पावती आहे. चौथ्या सत्राचा निकाल लागलेला नाही, तिसऱ्याची गुणपत्रिका आहे. चालेल का?

सुमेधा_ज
हो, पावती आणि तिसऱ्या सत्राची गुणपत्रिका लावून 31 जुलैच्या आत पाठव. आईचं घोषणापत्र सोबतच दे. यादीत नाव आलं तर दाखला आणि चौथ्या सत्राचा निकाल 31 ऑगस्टपर्यंत. निकाल तोवरही लागला नाही तर कॉलेजकडून तसं पत्र घे. असं पत्र चालेल की नाही हे अजून विश्वस्तांना विचारायचं राहिलंय, उद्या विचारून इथेच लिहिते.